एनिग्मा: अक्षर कधीच स्वतःत बदलत नाही, मग त्याचा फायदा घेऊन मेसेजमधला शब्द कुठे बसतो ते कसं शोधायचं

दुसऱ्या महायुद्धात गुप्त मेसेजसाठी जर्मन वापरायचे ते एनिग्मा मशीन कसं फोडलं यावर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण बहुतेक ठिकाणी ट्युरिंग आला, मोठं मशीन बनवलं आणि झालं असंच सांगून मोकळे होतात. मधलं काम नक्की काय होतं ते कोणी दाखवत नाही. इथे आपण त्यातला एकच तुकडा घेऊ, तो म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन करायची पहिली चाळणी. गणित फार लागत नाही, एबीसीडी येत असली तरी चालेल. सोबत एखादं ऑनलाइन एनिग्मा सिम्युलेटर उघडून ठेवा, म्हणजे मी सांगतोय ते तिथल्या तिथे तपासता येईल.

सिम्युलेटरची सेटिंग अशी ठेवा: मॉडेल एनिग्मा वन, रोटर, म्हणजे आतल्या फिरत्या वायरींच्या चकत्या, डावीकडून I, II, III, रिफ्लेक्टर B, तिन्ही रिंग A वर (काही सिम्युलेटरमध्ये तेच 01 असं दिसतं), सुरुवात AAA, आणि प्लगबोर्डवर, म्हणजे अक्षरांच्या जोड्या बदलणाऱ्या वायरींच्या फळीवर, एकही वायर नाही. आता A हे अक्षर पाच वेळा दाबा. BDZGO आलं पाहिजे. वेगळं काही आलं तर पुढे जाऊ नका, रोटरचा क्रम उलटा लागलाय किंवा रिंग सरकलीय, आधी ते बघा.

पायरी १: करंट कुठून कुठे जातो ते एकदा बघून घ्या

की दाबली की आधी उजवीकडचा रोटर एक घर पुढे सरकतो आणि मग करंट वाहतो, हा क्रम लक्षात ठेवा कारण नवीन माणूस इथेच हमखास गडबडतो. म्हणजे AAA वर सुरुवात केली तरी पहिलं अक्षर एन्क्रिप्ट होतं तेव्हा उजवा रोटर B वर असतो. करंट उजव्या रोटरमधून मधल्यात, मधल्यातून डाव्यात, तिथून रिफ्लेक्टरमध्ये जातो, आणि रिफ्लेक्टर त्याला वळवून पुन्हा त्याच तीन रोटरमधून परत पाठवतो, शेवटी एक बल्ब लागतो. आपल्या सेटिंगवर पहिल्यांदा A दाबल्यावर प्रवास असा होतो:

```
A -> C -> D -> F | S -> S -> E -> B
```

उभ्या रेघेच्या डावीकडे जाताना, उजवीकडे येताना. रेघ म्हणजे रिफ्लेक्टर, त्याने F ला S केलं. परत येताना डाव्या रोटरने S चा S च ठेवला, बघितलंत? रोटरला ते चालतं, रोटर I मध्ये S ची वायर खरंच S लाच जोडलेली आहे. रिफ्लेक्टरला मात्र चालत नाही. त्याच्यात 26 कॉन्टॅक्ट असतात आणि 13 वायरी, प्रत्येक वायर दोन वेगवेगळ्या कॉन्टॅक्टना जोडते. F ने आत गेलं की S ने बाहेर, S ने आत गेलं की F ने बाहेर, F ने आत जाऊन F नेच बाहेर यायला वायरच नाही.

आता विचार करा. A पासून रिफ्लेक्टरपर्यंत त्या क्षणी एकच वाट आहे आणि ती F वर संपते. परतीचा करंट F वरून निघूच शकत नाही, तो S वरून निघतो, आणि दोन वेगळ्या कॉन्टॅक्टवरून निघालेल्या वाटा एकाच अक्षरावर येऊन मिळत नाहीत कारण रोटरमध्ये एकास एकच वायर आहे. म्हणजे A दाबल्यावर A चा बल्ब लागणं अशक्य. प्लगबोर्ड लावला तरी फरक पडत नाही, तोही जाताना-येताना तीच अदलाबदल करतो.

मग जर्मनांनी हे केलं कशाला? सोयीसाठी. त्याच जोड्यांमुळे A चा B होत असेल तर त्याच जागी B चा A होतो, म्हणून मेसेज पाठवणारा आणि वाचणारा दोघंही मशीन सेम सेटिंगला ठेवतात, एन्क्रिप्ट-डिक्रिप्ट असा खटका लागत नाही, आणि खंदकात बसलेल्या सैनिकाच्या हातून चूक होण्याची एक जागा कमी होते. शिवाय करंट तेवढ्याच रोटरमधून दोनदा जातो. कागदावर सौदा फायद्याचा वाटतो, 26 पैकी एक शक्यता गेली तर काय मोठंसं बिघडलं.

पायरी २: एकच की दाबत बसा

सिम्युलेटरवर L हे अक्षर शंभरेक वेळा दाबा आणि आउटपुटमध्ये L शोधा. मिळणार नाही. बाकीची 25 अक्षरं थोडीफार कमीजास्त बहुतेक सगळी दिसतील.

हे खेळ म्हणून सांगत नाहीये. ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या कोड फोडणाऱ्या केंद्रात मेव्हिस लीव्हर नावाची विशीच्या आसपासची मुलगी इटालियन नेव्हीच्या एनिग्मावर काम करायची (लग्नानंतर मेव्हिस बेटी). तिच्या हातात एक मेसेज आला आणि तिच्या लक्षात आलं की अख्ख्या मेसेजमध्ये L नाहीच. साध्या मेसेजमध्ये असं होणं फार दुर्मिळ, 200 अक्षरांमध्ये एखादं ठरावीक अक्षर एकदाही न येण्याची शक्यता साधारण अडीच हजारात एक. मग तिने ओळखलं की ऑपरेटरला टेस्ट मेसेज पाठवायचा होता आणि गड्याने कंटाळून नुसता L दाबत ठेवला होता. म्हणजे पूर्ण मेसेज काय आहे ते अक्षरन् अक्षर माहीत झालं, आणि त्यावरून मशीनमधली वायरिंग शोधता आली. त्या इटालियन मशीनला प्लगबोर्ड नव्हता, त्यामुळे काम आणखी सोपं. मेसेजमध्ये जे नाही त्यावरून असं सापडलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पायरी ३: क्रिब निवडा

क्रिब म्हणजे मेसेजमध्ये असणारच अशी आपल्याला खात्री वाटते तो शब्द किंवा वाक्य. जर्मन लष्कर शिस्तीचं, रोज ठरल्या वेळी हवामानाचा मेसेज, रोज तीच पदवी आणि तेच मथळे, काही घडलं नसेल तर "काही विशेष नाही" हेही कळवायचंच, KEINEBESONDERENEREIGNISSE. एनिग्मावर स्पेस नाही, आकडे नाहीत, त्यामुळे सगळं सलग आणि आकडे अक्षरी लिहिलेले असतात.

आपण घेऊ WETTERVORHERSAGE, म्हणजे हवामानाचा अंदाज, 16 अक्षरं. आणि मेसेज समजा हा हाती लागलाय:

```
YVBDB NAVKJ NENBG OZOJP PIQRC
```

हा मी वरच्याच सेटिंगवर बनवलाय, तुम्हाला शेवटी तो उलट टाईप करून उत्तर बघता येईल, पण आत्ता नका करू.

क्रिब किती लांब घ्यायचा यात खरी गोम आहे. सहा अक्षरी WETTER घेतलं तर चाळणीतून फारसं काही गळणार नाही, कारण चुकीच्या जागी ठेवलेला क्रिब सुद्धा योगायोगाने सुटण्याची शक्यता (25/26)^6, म्हणजे जवळपास 79 टक्के. 16 अक्षरांना ती 53 टक्क्यांवर येते, 25 अक्षरांना 37 टक्क्यांवर. मग लांबच घ्यावा ना? तर नाही, कारण क्रिब जितका लांब तितकं स्पेलिंग चुकायची भीती जास्त. जर्मन आर्मीत CH ऐवजी Q लिहायची पद्धत होती, म्हणजे ACHT चं AQT व्हायचं, मध्येच पूर्णविरामासाठी X टाकायचे, आणि यातलं एक जरी चुकलं तरी पुढची सगळी अक्षरं एक घर सरकतात. लांब क्रिबचा आणखी एक तोटा पायरी ५ मध्ये येईल.

पायरी ४: क्रिब मेसेजखाली सरकवा

चौकटीची वही घ्या. वरच्या ओळीत मेसेज, एका चौकटीत एक अक्षर, वर 1 ते 25 नंबर टाका. क्रिब वेगळ्या कागदाच्या पट्टीवर त्याच मापात लिहा. पट्टी स्थान 1 पासून लावा आणि वरखाली बघत जा, कुठेही वर आणि खाली तेच अक्षर आलं की ती जागा बाद. याला ब्लेचलीवाले क्रॅश म्हणायचे. 25 अक्षरांच्या मेसेजमध्ये 16 अक्षरांची पट्टी 10 ठिकाणी बसू शकते.

स्थान 1 ला ठेवली तर असं दिसतं:

```
YVBDBNAVKJNENBGOZOJPPIQRC
WETTERVORHERSAGE
              ^
```

पंधराव्या घरात वर G खाली G, क्रॅश, गेलं. पट्टी एक घर उजवीकडे घ्या, स्थान 2:

```
YVBDBNAVKJNENBGOZOJPPIQRC
 WETTERVORHERSAGE
       ^   ^
```

आठव्या घरात V खाली V, शिवाय बाराव्यात E खाली E. दोन क्रॅश आले म्हणून जागा दुप्पट बाद होत नाही, एक पुरतो. स्थान 3, 4, 5, 6, 7 ला एकही क्रॅश नाही, ती ठेवा. स्थान 8 ला पुन्हा बाराव्या घरातला E आडवा येतो, स्थान 9 ला सोळाव्या घरात O खाली O. स्थान 10 स्वच्छ. म्हणजे 10 पैकी 4 बाद, 6 उरली.

हाताने दोनतीनदा केलं की डोळ्याला सवय होते. आधी क्रिबमधल्या रिपीट होणाऱ्या अक्षरांकडे बघायचं, इथे E चार वेळा आणि R तीन वेळा आहे, मेसेजमध्ये E दिसला की त्याने कुठल्या कुठल्या जागा मारल्या ते सरळ वजाबाकीने निघतं. आपल्या मेसेजमध्ये E एकच आहे, बाराव्या घरात, आणि त्या एकट्याने स्थान 2 आणि 8 उडवली. हाताने कंटाळा आला तर पायथॉनमध्ये एवढंच:

```python
c = "YVBDBNAVKJNENBGOZOJPPIQRC"
k = "WETTERVORHERSAGE"
for i in range(len(c) - len(k) + 1):
    if all(a != b for a, b in zip(c[i:], k)):
        print(i + 1)
```

3 4 5 6 7 10 छापून येईल. पण पहिल्यांदा वहीतच करा, नाहीतर पुढची पायरी डोक्यात शिरत नाही.

इथे लोक हमखास एक चूक करतात. क्रॅश नाही म्हणजे जागा बरोबर असं धरून बसतात. तसं अजिबात नाही. क्रॅश फक्त नकार देऊ शकतो. क्रॅश नसलेल्या सहा जागांपैकी कदाचित एक बरोबर असेल, कदाचित हा शब्द मेसेजमध्ये नसेलच, पट्टीला ते कळत नाही.

पायरी ५: उरलेल्या जागांमध्ये लूप शोधा

आता स्थान 10 घेऊ आणि वरखालच्या जोड्या लिहू. एनिग्मामध्ये जोडी दोन्हीकडून चालते हे पायरी १ मध्ये आलंच, म्हणून कुठलं अक्षर मेसेजमधलं आणि कुठलं क्रिबमधलं याने फरक पडत नाही. सगळ्या 16 जोड्यांमधून या तीन बघा:

```
11: E - N
12: T - E
13: T - N
```

E वरून स्थान 11 ने N ला जाता येतं, N वरून 13 ने T ला, T वरून 12 ने परत E ला. हा बंद त्रिकोण झाला, आणि असा लूप मिळणं म्हणजे घबाड. का ते सांगतो. खऱ्या जर्मन मशीनवर प्लगबोर्ड असायचा, दहा वायरींनी अक्षरांच्या जोड्या बदललेल्या, आणि त्याचे प्रकारच 150 लाख कोटींच्या वर होतात, ते एकेक करून तपासणं शक्यच नाही. लूप काय करतो, तो प्लगबोर्डला बाजूला काढतो. समजा E ची प्लगबोर्डवरची जोडी कुठलं तरी अक्षर आहे, 26 पैकी एक. ते अक्षर स्थान 11 च्या रोटरमधून घाला, जे बाहेर येईल ती N ची जोडी. ते 13 मधून घाला, T ची जोडी. ते 12 मधून घाला, आणि आता आपण जिथून निघालो तेच अक्षर यायला हवं. नाही आलं तर E बद्दलचा अंदाज चूक, आणि सगळेच 26 अंदाज चुकले तर रोटरची ती सेटिंगच चूक.

ट्युरिंगच्या डिझाइनवर लेचवर्थच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीत हॅरल्ड कीनने बनवलेलं बॉम्ब नावाचं मशीन नेमकं हेच करायचं, रोटरच्या 17,576 स्थितींमधून फिरत प्रत्येक ठिकाणी लूप जुळतो का ते बघायचं. पहिलं मार्च 1940 मध्ये आलं, आणि ऑगस्ट 1940 मध्ये गॉर्डन वेल्चमनच्या डायगोनल बोर्डसकट दुसरं, त्याने कामाचा वेग खूपच वाढला कारण A ची जोडी B असेल तर B ची जोडी A असणारच एवढी साधी गोष्ट त्याने वायरींमध्ये बसवली. पण बॉम्बला काय तपासायचं हे सांगणारा कागद, ज्याला मेन्यू म्हणायचे, तो बनायचा वरच्या पट्टीतून. क्रिबची जागा चुकली तर मशीन तासन्‌तास फिरून नुसता कचरा देणार.

एका लूपने भागत नाही हेही सांगतो. चुकीच्या सेटिंगवर प्रत्येक अंदाज योगायोगाने जुळण्याची शक्यता 26 मध्ये 1, आणि अंदाज 26, म्हणजे सरासरी एक तरी खोटा जुळणारच. दुसरा, तिसरा लूप लागतो तेव्हा कुठे असे खोटे जुळणारे अंदाज कमी होतात. आपल्याकडे दुसरा आहे असं वाटतं: स्थान 15 ला R - G आणि स्थान 24 ला G - R. मस्त दिसतो, पण फसवा आहे. आपल्या सुरुवातीपासून उजवा रोटर 22 व्या अक्षराला V वरून W वर जातो आणि त्याच वेळी मधल्या रोटरला ढकलतो. 15 च्या वेळी मधला रोटर A वर होता, 24 च्या वेळी B वर. मधला रोटर हललाच नाही असं धरून मेन्यू बनवला तर हा लूप बरोबर सेटिंगलाच चूक ठरवेल. लांब क्रिबचा तोटा म्हणालो तो हाच: उजवा रोटर 26 अक्षरांत एकदा मधल्याला ढकलतो, आणि ढकल कुठे येईल ते आधी माहीत नसतं, त्यामुळे 16 अक्षरांच्या क्रिबच्या आत ती यायची शक्यता निम्म्याहून जास्तच. म्हणून मेन्यू बनवताना शक्यतो जवळजवळची स्थानं घ्यायची, आपला 11-12-13 चा त्रिकोण त्या दृष्टीने एकदम सोन्यासारखा.

आता सिम्युलेटर पुन्हा AAA वर आणा आणि मेसेज टाईप करा. NULLSECHSWETTERVORHERSAGE येईल, म्हणजे शून्य सहा हवामान अंदाज. क्रिब दहाव्या घरापासूनच आहे.

पायरी ६: सगळ्याच जागा बाद झाल्या तर

हे वारंवार होतं आणि नवशिक्याला वाटतं आपण मोजायला चुकलो. आधी मोजणी तपासाच, पट्टी एक घर वाकडी बसली तरी सगळं बिघडतं. ती बरोबर असेल तर क्रिबचं दुसरं स्पेलिंग करून बघा, मध्ये X घालून, CH चा Q करून. तरी नाही तर मेसेजवरच संशय घ्या. हे मेसेज रेडिओवर मोर्समध्ये यायचे आणि ऐकणारी माणसं खरखरीतून कान देऊन लिहून घ्यायची. एक अक्षर चुकीचं ऐकलं गेलं आणि नेमकं तेच क्रिबमधल्या अक्षराशी जुळलं तर खरी जागा क्रॅश म्हणून फेकली जाते, आणि एखादं अक्षर गाळलं गेलं तर त्यापुढचं सगळंच सरकतं. म्हणून एकच मेसेज दोन ठिकाणी ऐकला गेला असेल तर आधी त्या दोन प्रती शेजारी ठेवून जिथे फरक आहे त्या घरांना खूण करायची, आणि क्रॅश फक्त त्याच घरात आला असेल तर ती जागा बाद न करता कोपऱ्यात प्रश्नचिन्ह टाकून ठेवायची.

आणि इतर मशीनवर हे चालेल का असं कोणी विचारलं तर रिफ्लेक्टर आहे का ते बघा. ब्रिटिशांच्या स्वतःच्या टायपेक्समध्ये होता, म्हणजे तिथेही अक्षर स्वतःत बदलत नव्हतं. अमेरिकन सिगाबामध्ये नव्हता, तिथे A चा A होऊ शकतो आणि ही पट्टी कुचकामी. जर्मनांनी 1944 मध्ये आतली वायरिंग बदलता येणारा D रिफ्लेक्टर आणला, त्याने ब्लेचलीला बराच घाम फोडला, कारण बॉम्बला रिफ्लेक्टरची वायरिंग आधी माहीत असावी लागते. पण जोड्या त्यातही 13 च होत्या, त्यामुळे पट्टी सरकवून क्रॅश शोधायचं काम जसं होतं तसंच चालू राहिलं.